डाव्या कोपऱ्यातली कोठी

माझी स्मरणशक्ती दांडगी आहे असं सगळे म्हणतात, आणि मीही ते इतकी वर्षं खरं मानत आले. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत कुणाच्या खुर्चीचा कुठला पाय डुगडुगायचा, हे मी आजही सांगू शकते. पण तीनच महिने आधी मी माझ्याच तोंडाने काय मागून घेतलं होतं, ते ऐन वेळी आठवलं नाही. त्याचा भुर्दंड माझ्या सुनेला पडला.

आधी कचेरीचं सांगते, कारण त्याशिवाय माझी लाज पुरती कळणार नाही.

आमच्या वेळी कॉम्प्युटर एकच होता. तो तळघरात, काचेच्या खोलीत, थंडगार हवेत असायचा. आम्ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सात-आठ जणी वर दुसऱ्या मजल्यावर टर्मिनलांसमोर बसायचो. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. अक्षरं आपल्यासमोर उमटायची, पण फाइल तळघरात असायची आणि प्रोग्रॅमही तिथेच चालायचा. टर्मिनल म्हणजे खिडकी, घर नव्हे.

आमच्यात एक नवी मुलगी आली होती. बारीक आवाजाची, फार मेहनती. एकदा तिचं टर्मिनल बिघडलं आणि दुरुस्तीवाला ते हातगाडीवर घालून घेऊन निघाला. ही रडत त्याच्या मागे. "अहो, हळू न्या, माझं सहा महिन्यांचं काम आहे त्यात!" जिन्याच्या कठड्यावरून आम्ही सगळ्या पाहत होतो. मी मोठ्याने म्हटलं, "निघाली बघा पाठराखीण!"

हशा पिकला. ती वर आली तेव्हा तिचं काम दुसऱ्या टर्मिनलवर जसंच्या तसं होतं. ती ओशाळून हसली. मात्र त्या दिवसापासून ती 'पाठराखीण' झाली ती नोकरी सोडून जाईपर्यंत. निरोपाच्या भाषणातही साहेबांनी तोच शब्द वापरला. सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

ते पाहणं मी सोयीस्करपणे विसरले होते.

निवृत्तीनंतर मी बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात जाऊ लागले. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतो. आधी मी नुसती वाचायची. मग घसा साथ देईना, तेव्हा म्हटलं, प्रोग्रॅम तर लिहिता येतो! लांबच लांब ध्वनिमुद्रण प्रकरणांप्रमाणे कापायचं, प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं, यादीत टाकायचं, असा एक प्रोग्रॅम मी लिहायला घेतला. त्याला नाव दिलं 'श्राव्य'. नवी भाषा शिकले, अडखळले, पुन्हा शिकले. पण माझा लॅपटॉप म्हातारा. एका वेळी चार पुस्तकांतच त्याचं पोट भरायचं, आणि आवाज कापायला लागला की त्याचा पंखा असा घरघरायचा की शेजारीण विचारायची, "पीठ दळताय का?"

तेव्हा माझी सून पुढे आली. ती सर्व्हर सांभाळणारी. मुलगा कामासाठी वर्षातले दहा महिने दूर असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. तिने जिन्याखालच्या फडताळात, जुन्या चपला आणि छत्र्यांच्या वरच्या फळीवर, एक बुटकी काळी पेटी आणून ठेवली.

"आई, हा आपला घरचा सर्व्हर. पुस्तकं इथे राहतील, तुमचा प्रोग्रॅम इथे राहील, आवाज कापायचं साधनही इथेच. तुमच्या लॅपटॉपवर फक्त एडिटर, म्हणजे लिहायची खिडकी. तो इथे जोडला जाईल. तुम्ही टाइप कराल तिकडे, घडेल इकडे."

"म्हणजे आमचं तळघर," मी म्हटलं.

ती हसली. "अगदी तेच. फक्त चपलांच्या वर."

पेटीला नाव तिने ठेवलं 'कोठी'. एडिटर कोठीला जोडलेला असला की खिडकीच्या खाली, डाव्या कोपऱ्यात रंगीत पट्टीवर कोठीचं नाव दिसतं. तो कोपरा तिने मला तीन वेळा दाखवला. "आई, गोंधळ झाला तर आधी इथे बघायचं. नाव असेल तर तुम्ही कोठीत आहात. नसेल तर लॅपटॉपवर." मी मान हलवली. मला कोण शिकवणार टर्मिनल आणि मशीन यांतला फरक! मी तर तो जगलेली.

सगळं कोठीवर नेल्यावर तिने लॅपटॉपवरचं आवाज कापायचं साधन काढून टाकलं. दोन ठिकाणी दोन आवृत्त्या नकोत म्हणून. जुनं फोल्डरही ती काढणार होती.

"ते राहू दे गं," मी म्हटलं. "पहिलं लिहिलेलं आहे. आठवण म्हणून."

"एकच नाव आहे दोन्हींचं, घोटाळा होईल एखाद्या दिवशी."

"मला होणार घोटाळा? मला?"

तिने ते राहू दिलं. सासूशी फोल्डरावरून कोण भांडणार?

तीन महिने दृष्ट लागावी असे गेले. मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहायची आणि फडताळातून बारीक गुणगुण ऐकू यायची. एकसष्ट पुस्तकांची यादी दोनशे बारावर गेली. आणि त्या तीन महिन्यांत आमच्या दोघींची एक वेळ ठरून गेली, दुपारी साडेतीनची, चहाची. अशाच एका दुपारी, कप धुता धुता, तिने मला ती गोष्ट सांगितली.

आधीच्या नोकरीत ग्राहकांच्या नोंदींचं एक अख्खं भांडार पुसलं गेलं होतं. हुकूम तिच्या हातून टाइप झाला होता. पुसायची यादी दुसऱ्याने दिली होती आणि तीच चुकीची होती, हे चौकशीत निघालंही. पण तोवर तिचं नाव झालं होतं. ती कॅन्टीनमध्ये शिरली की कुणीतरी म्हणायचं, "आपापल्या फायली सांभाळा रे." तिने नोकरी सोडली. मुलाला तिने कंटाळा आला म्हणून सोडली एवढंच सांगितलं होतं.

"तुम्हाला एकटीला सांगतेय, आई," ती म्हणाली. तिच्या हातातला कप तिने चार वेळा विसळला असेल.

"माझ्या पोटात राहील," मी म्हटलं. आणि मनापासून म्हटलं होतं.

आता त्या बुधवारचं.

ग्रंथालयाला त्यांच्या सगळ्या कॉम्प्युटरांसाठी कायमचं माणूस हवं होतं. ग्रंथपाल बाईंना मीच सुनेचं नाव सुचवलं होतं. बुधवारी दुपारी बारा वाजता तिला समितीसमोर बोलावलं होतं. सकाळी ती निघायच्या गडबडीत होती. एक बूट घालून दुसरा शोधत म्हणाली, "आई, कोठीची डिस्क भरत आली होती. मी आत्ता जुन्या नोंदी आणि तात्पुरत्या फायली काढल्यात, आणि तिला अपडेट लावून पुन्हा सुरू करतेय. दहा-पंधरा मिनिटं जोडणी मिळणार नाही. आणि प्रती ठेवायची दुसरी डिस्क भरल्यापासून नवी प्रत निघालेली नाही, पंधरा दिवस झाले. तेव्हा आज फार उलथापालथ करू नका."

"मी कशाला करतेय उलथापालथ! तू जा, उशीर होईल. आणि तो बूट स्टुलाखाली आहे."

ती गेली. मला धीर कुठला? पाच मिनिटांतच एडिटर उघडला. तो कोठीला जोडायला गेला, फिरत राहिला, मग म्हणाला, जोडणी होऊ शकली नाही. मी खिडकी बंद केली. नवी उघडली. 'फोल्डर उघडा' म्हटलं, आणि समोर यादीत 'श्राव्य' दिसलं. इथेच तर आहे, म्हटलं, आणि उघडलं.

फायलींची नावं तीच. पण आत पाहते तर प्रकरणं ओळखणारा सगळा भाग नाही. शांततेची लांबी मोजून कुठे कापायचं हे ठरवणारा भाग नाही. त्यावर मी महिनाभर डोकं फोडलं होतं. यादी उघडली. एकसष्ट पुस्तकं! एडिटरच्या खालच्या भागात, ज्याला आताही टर्मिनलच म्हणतात, प्रोग्रॅम चालवून पाहिला, तर उत्तर आलं की आवाज कापायची कमांडच सापडत नाही.

 एकच वाक्य डोक्यात घुमायला लागलं. "मी आत्ता जुन्या फायली काढल्यात."

त्याच फायली पुन्हा पुन्हा उघडून शोधण्यात दीड तास गेला, आणि मी फोन लावला तेव्हा बाराला दहा मिनिटं होती. ते मला दिसत होतं, भिंतीवरचं घड्याळ समोरच आहे.

बराच वेळ वाजून फोन उचलला गेला.

"आई? बोला ना."

"काय केलंस तू?"

"काय झालं?"

"काय झालं विचारतेस? माझं सगळं गेलं! तीन महिन्यांचं! एकसष्ट पुस्तकं उरलीत, एकसष्ट! कापायचं साधनसुद्धा उडवलंस!"

"आई, थांबा, मी फक्त तात्पुरत्या... तुमच्या फोल्डरला मी हातही लावलेला नाही. आणि पंधरा दिवसांपूर्वीची प्रत आहे, त्यामुळे अगदी सगळं..."

"हात न लावता गेलं का? भुताने नेलं?"

"एक मिनिट, मला सांगा, डाव्या कोपऱ्यात..."

"मला कोपरे शिकवू नकोस! तुझ्या आधी वीस वर्षं मी हे काम करत होते!" आणि मग मी ते बोलले. आवाज चढवून, स्पष्ट उच्चारांत, पुस्तक वाचायची सवय असलेल्या बाईसारखं. "तिथेही असंच केलं होतंस ना? लोकांच्या नोंदी पुसल्यास म्हणूनच घरी बसलीस ना तू? आता माझ्या पुसल्यास!"

 पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. तो आवाज एकाहून जास्त माणसांच्या खोलीतला होता.

"आई," सून अगदी हळू म्हणाली, "मी टेबलाखाली वायर जोडत होते. बाईंनी फोन उचलून स्पीकरवर ठेवलाय."

लांबून ग्रंथपाल बाईंचा आवाज आला, "ताई, आम्ही... आम्ही नंतर बोलू या का?"

मी फोन ठेवला.

खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मला लाज वाटली नाही. वाटला तो राग. चांगलं झालं, ऐकलं त्यांनी, असंही एक क्षण वाटून गेलं. हे लिहायला जड जातंय, पण ते वाटलं होतं.

ती परत आल्यावर तिच्यापुढे पुरावा ठेवायचा असं मी ठरवलं. जुन्या सवयीने वही घेतली. आमच्याकडे मशीनने जी चूक दाखवली असेल ती अक्षर न् अक्षर वहीत उतरवायचा नियम होता. टर्मिनलमधली ओळ मी उतरवू लागले. नुसती वाचली असती तर डोळा नेहमीसारखा शेवटावर, 'सापडत नाही'वर गेला असता. पण उतरवायची म्हणजे पहिल्या अक्षरापासून. आणि ओळीच्या सुरुवातीला, जिथे टर्मिनल आपण कुठल्या मशीनवर आहोत ते सांगतं, तिथे 'कोठी' नव्हतं. तिथे माझ्या लॅपटॉपचं नाव होतं. मुलाने कधीतरी कौतुकाने ठेवलेलं, 'आई'.

पेन तसंच धरून मी डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं.

कोपरा रिकामा होता.

दुसरी खिडकी उघडून कोठीला जोडलं. ती एव्हाना पुन्हा सुरू झाली होती. लगेच जोडली गेली. कोपऱ्यात नाव आलं. श्राव्य उघडलं. शांतता मोजणारा भाग होता. यादी होती. दोनशे बारा. काल संध्याकाळी मी अर्धवट ठेवलेली ओळसुद्धा अर्धवटच माझी वाट पाहत होती. एका स्वल्पविरामालाही धक्का लागला नव्हता.

मी हातगाडीच्या मागे धावले होते. 'आठवण' म्हणून जपलेल्या एका रिकाम्या टर्मिनलच्या मागे. आणि धावताना रडले असते तरी बरं झालं असतं, मी तर दुसरीलाच चिरडलं.

यापुढचं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, सुनेलाही अर्धंच.

बस पकडून तिला घरी यायला तास तरी लागणार होता. त्या तासात पहिला विचार आला तो फोन करून माफी मागायचा नव्हता. विचार आला की हे झाकता येईल. लॅपटॉपवरचं जुनं श्राव्य पुसून टाकायचं. म्हणायचं, "अगं, कोठी सुरू होत होती बहुतेक, आता सगळं दिसतंय आपोआप." यंत्रांचं काय, कधी कधी होतं असं. तिला संशय आला तरी ती सुनेच्या रीतीने गप्प बसेल. पाहा, माणूस साठीनंतर किती लवकर हिशेबी होतो.

पडद्यावर आता दोन खिडक्या होत्या. दोन्हींत तेच नाव, त्याच फायली, तोच अक्षरांचा आकार. माझे हात घाईत होते आणि कान जिन्याकडे. पहिल्या फाइलवर टिचकी, शिफ्ट दाबून शेवटच्या फाइलवर टिचकी, सगळं निळं झालं. डिलीट.

चौकट आली. मी ठीक आहे म्हणणारच होते. पण त्या तीन महिन्यांत मी दोन्हीकडे बारीकसारीक फायली पुसल्या होत्या, आणि दोन्हीकडच्या चौकटी वेगळं बोलतात हे डोळ्यांना माहीत होतं. लॅपटॉपवरची फाइल पुसताना एडिटर म्हणतो, हवी तर कचरापेटीतून परत आणता येईल. कोठीवरची पुसताना तसं म्हणत नाही. तिथे कचरापेटीत टाकायची सोय नाही.

चौकटीत लिहिलं होतं, कायमचं पुसायचं का? हे परत आणता येणार नाही.

डावा कोपरा पाहिला. कोठी.

मी 'रद्द करा' दाबलं. एकदा दाबून भागलं असतं, पण नंतरही माझं बोट त्या जागी टेकलेलंच राहिलं. जे तिने केलं नव्हतं, ज्याबद्दल मी चार माणसांत तिला फाडून खाल्लं होतं, तेच मी माझ्या हाताने करणार होते. आणि केलं असतं तर? पंधरा दिवसांचं काम खरोखरच गेलं असतं, आणि जन्मभर सगळ्यांनी, तिनेही, हेच मानलं असतं की ते तिनेच पुसलं. मी ते मानू दिलं असतं का? 'नाही' असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

मी दोन्ही खिडक्या तशाच उघड्या ठेवल्या आणि हात मांडीवर घेऊन बसले.

ती आली. बूट काढले नाहीत. माझ्याकडे न पाहता सरळ फडताळापाशी गेली, छत्र्या बाजूला करून पेटीवर तळहात ठेवला. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"चालू आहे," ती स्वतःशीच म्हणाली.

"अगं, इकडे ये."

"आई, मी बसमध्ये सकाळची एकेक ओळ आठवत होते. मला वाटतं मी फक्त त्या तात्पुरत्या फोल्डरमध्येच होते. पण आता मला खात्री नाही. मीच केलं असेन. माझ्याच हातून होतं असं." तिचा आवाज सपाट होता. "मी पंधरा दिवसांपूर्वीची प्रत लावून देते. त्यानंतरचं मी तुमच्याबरोबर बसून करीन पुन्हा. रोज बसेन."

"काही गेलेलं नाही," मी म्हटलं.

ती वळली.

"मी लॅपटॉपवरचं जुनं उघडलं होतं. ज्याला तू घोटाळा होईल म्हणालीस आणि मी राहू दे म्हटलं, ते. कोठीवर सगळं जागच्या जागी आहे. तू काहीही केलेलं नाहीस."

ती टेबलापाशी आली. एका खिडकीचा कोपरा पाहिला, दुसरीचा पाहिला. यादी उघडून शेवटच्या आकड्यापर्यंत खाली गेली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"नाव बदलायला हवं होतं मी," ती म्हणाली. "एकसारखं नाव ठेवणं ही चूकच आहे."

"असं बोलू नकोस! माझी चूक वाटून घेऊ नकोस. मला शिव्या दे."

"तुम्हाला कशा देऊ?" ती किंचित हसली, आणि ते हसू मी ओळखलं. ओशाळून हसणारी एक बारीक आवाजाची मुलगी मला दुसऱ्या मजल्यावरून माहीत होती.

"ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. फार चांगली आहेत माणसं. पाणी दिलं. एकांनी विचारलं, आधीच्या ठिकाणी काय झालं होतं. मी सांगितलं. मग म्हणाले, कळवू."

"कळवू."

"हो. कळवू." तिने बूट काढायला वाकून नाडी सोडली. तशीच वाकलेली असताना म्हणाली, "मी तुम्हाला एकटीला सांगितलं होतं, आई."



मी फोन उचलला. ती म्हणाली, "आत्ता नको, जाऊ द्या, आणखी तमाशा होईल." मी म्हटलं, "तमाशा मी केलाय, पडदाही मीच पाडते." ग्रंथपाल बाईंनी फोन घेतला.

"बाई, समिती बसली आहे का अजून?"

"हो, निघतच होतो आम्ही. तुमचं काम मिळालं का?"

"मला स्पीकरवर ठेवा."

"अहो, राहू द्या. घरातलं घरात..."

"मघाशी सगळ्यांनी ऐकलं, आताही सगळ्यांनी ऐकायला हवं. ठेवा."

टेबलावर फोन ठेवल्याचा टक असा आवाज झाला. मी उभी राहिले; बसून बोलवेना.

"मी आज खोटं बोलले," मी म्हटलं. "फाइल एकही पुसली गेली नव्हती. मी चुकीचं फोल्डर उघडलं होतं. ते फोल्डर काढून टाका असं सुनेने मला आधीच सांगितलं होतं आणि मी हट्टाने ठेवून घेतलं. तिच्या जुन्या नोकरीबद्दल मी जे बोलले तेही अर्धवट होतं. पुसायची यादी दुसऱ्याने चुकीची दिली होती हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते गाळलं. आणि एक. ती घरी आली तेव्हा तिला वाटत होतं चूक तिचीच आहे, तरी तिने आधी काय केलं असेल तर मशीन चालू आहे का ते पाहिलं आणि काम पुन्हा कसं उभं करायचं ते सांगितलं. मी वीस वर्षं हे काम केलं. चूक दिसली की मी आधी माणूस शोधायची. तिने आधी काम शोधलं."

तिकडे कुणीतरी खाकरलं. अध्यक्षांना दिसत नाही, त्यांचा आवाज मी ओळखते. माझी वाचलेली बरीच पुस्तकं त्यांनी ऐकलेली आहेत.

"तुमचा आवाज पहिल्यांदाच असा ऐकला," ते म्हणाले. "एरवी तुम्ही पूर्णविरामसुद्धा ठणकावून वाचता." मग विचारलं, "सूनबाई आहेत तिथे?"

"आहे," ती बुटांपाशी बसूनच म्हणाली.

"सोमवारी या. महिनाभर काम करून पाहा, मग ठरवू."

फोन बंद झाल्यावर मला वाटलं, झालं, निभावलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सकाळी बाईंनी मला नेमणुकीचं पत्र दाखवलं होतं, आई. सहीचंच बाकी होतं." रागाने नाही, नुसती माहिती दिल्यासारखी. कायमचं होतं त्याचं महिनाभराचं झालं, ते माझ्यामुळे.

त्या संध्याकाळी जुनं श्राव्य मी स्वतः पुसलं. आधी कोपरा पाहिला, मग टर्मिनलमधलं नाव मोठ्याने वाचलं, मग पुसलं, कचरापेटीही रिकामी केली. तिने कोठीच्या खिडकीच्या सगळ्या पट्ट्या गडद लाल करून दिल्या. "आता कोपरा शोधायला नको. लाल असेल तर कोठी." मी लहान मुलीसारखी मान हलवली. या वेळी खरोखर ऐकलं.

महिना होऊन गेला. तिला कायमचं पत्र मिळालं. तिकडे तिला सगळे मानतात, अध्यक्ष तर तिच्या पावलांवरून ओळखतात. दुसरी डिस्क आली, रोज प्रत निघते. श्राव्य तीनशेवर गेलं.

दुपारी साडेतीनला, सुट्टीच्या दिवशी, आम्ही अजूनही चहा घेतो. ती कोठीबद्दल बोलते, पुस्तकांबद्दल बोलते, बसमधल्या गमती सांगते. मी हसते. मग एखाद्या गोष्टीच्या मध्येच ती थांबते, काहीतरी पुढे सांगायचं असावं असं तिच्या चेहऱ्यावर येतं, आणि ती उठून कप विसळायला घेते. एकदाच विसळते. मी विचारत नाही. विचारायचा हक्क माझ्याकडे होता, तो मी त्या बुधवारी बाराला दहा मिनिटं असताना पुसला, आणि तो कोठीवरचा होता, जिथे कचरापेटी नाही.